विश्लेषण : ठरले एक, झाले दुसरे, अहवालात तफावत कशी वाचावी?

देणगीदाराकडे जाणाऱ्या प्रगती अहवालात सहसा चार रकाने असतात : ठरलेले काम, झालेले काम, फरक आणि फरकाचे कारण. चौथ्यात बहुतेकदा ‘अतिवृष्टीमुळे विलंब’ असे एका ओळीत उरकलेले असते. खरी माहिती मात्र तिथेच हवी.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले. उद्ध्वस्त गावे हलवली गेली. कमी नुकसान झालेल्या गावांत जुनीच घरे मजबूत करायची होती. माळवदावरचा मातीचा थर कमी करायचा, दगडी भिंतीत आरपार जोड घालायचे आणि लाकडी खांबांना तिरपे आधार द्यायचे, असे हे काम होते. लोकसहभागाची जबाबदारी ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे होती आणि गावोगावच्या महिला ‘संवाद सहायक’ म्हणून घरमालक व अभियंते यांच्यात दुवा बनल्या.

प्रत्यक्षात अनेक कुटुंबांनी जुन्या भिंतींना हात न लावता त्याच अनुदानातून नवी खोली बांधली. दगड-मातीच्या घरावरचा विश्वासच उडाला होता. आता हे यश की अपयश? ‘अनुदान किती घरांना मिळाले’ एवढेच मोजले तर काम झाले. पण हेतू सुरक्षित निवाऱ्याचा होता. नवी खोली भक्कम असली आणि घरातले कोणी जुन्या माळवदाखालीच झोपत असले, तर धोका अर्धाच टळला. अहवालात नवी खोली का बांधली याच्याबरोबर जुन्या खोलीचा वापर कशासाठी होतो, हेही यायला हवे.

हीच कसोटी लहान प्रकल्पाला लावता येते. समजा, येडशीच्या शिवारात एका संस्थेने दहा शेततळी ठरवली आणि सहाच झाली. कारण लिहिले, ‘पाऊस’. अशा वेळी तारखा पाहाव्यात. निधीचा हप्ता मार्चमध्ये येणार होता आणि जूनमध्ये आला, तर काळ्या रानात यंत्र उतरणारच नाही. मग कारण पाऊस नव्हे, उशिरा आलेला हप्ता. तो देणगीदाराकडूनच लांबला असेल, तर संस्था ते लिहायला कचरते. पुढचा हप्ता त्याच्याच हातात असतो ना! आणि पुढच्या वर्षी तीच चूक पुन्हा होते.

हप्ता वेळेवर आला होता, पण जागेची संमती मिळाली नव्हती, तर चूक नियोजनाची. उरलेल्या चार तळ्यांचे पैसे कुठे आहेत, ते परत करायचे की पुढच्या उन्हाळ्यात वापरायचे आणि दुसऱ्या कामाकडे वळवले असल्यास देणगीदाराची लेखी परवानगी खर्चाआधी घेतली की नंतर, हेही तिथेच लिहावे लागते. परवानगीची तारीख खर्चानंतरची असेल, तर लेखापरीक्षक पहिला प्रश्न तिच्यावरच विचारतो.