उगम प्रमाणपत्रातील किरकोळ तफावतींमुळे माल अडकू नये यासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्री, नवी दिल्ली

प्रत : महासंचालक, विदेश व्यापार महासंचालनालय, संचालक, निर्यात निरीक्षण परिषद

विषय : आशियान देशांना जाणाऱ्या मालाच्या उगम प्रमाणपत्रातील तफावती, दुरुस्त्या आणि त्यापायी परदेशी बंदरात होणारा खोळंबा

महोदय,

आम्ही शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कुपवाड या औद्योगिक वसाहतींमधल्या लघु उद्योजकांच्या संघटनेचे सदस्य आहोत. पंप, व्हॉल्व्ह आणि ओतकामाचे सुटे भाग बनवतो आणि न्हावा शेवामार्गे थायलंड, मलेशिया, व्हिएतनामला पाठवतो. २०१० पासून लागू झालेल्या भारत-आशियान करारामुळे तिथल्या खरेदीदाराला आमच्या मालावर शुल्कात सवलत मिळते. ती सवलत ‘फॉर्म एआय’ या ओरिजिन सर्टिफिकेटवर मिळते. त्या कागदात खोट निघाली तर खरेदीदाराला पूर्ण शुल्क भरावे लागते किंवा तारण ठेवून माल सोडवावा लागतो. तोवर कंटेनरवर डेमरेज चढत राहते आणि ते बिल बहुतेक वेळा आमच्याच नावावर वळते होते.

सर्टिफिकेट कोण देते, इथपासून सुरुवात करतो, कारण नव्या निर्यातदाराची पहिली चूक इथेच होते. सर्टिफिकेटे दोन प्रकारची. माल भारतात बनला एवढेच सांगणारे, शुल्क-सवलतीचा हक्क न देणारे सर्टिफिकेट केंद्राने नेमलेले चेंबर ऑफ कॉमर्स आणि इतर अधिकृत संस्था देतात. १ जानेवारी २०२५ पासून तेही ई-सीओओ पोर्टलवरूनच काढावे लागते. कराराखालच्या सवलतीचे सर्टिफिकेट मात्र त्या करारासाठी नेमलेली सरकारी यंत्रणाच देऊ शकते. आमच्या मालाला ते निर्यात निरीक्षण परिषदेच्या एजन्सीकडून मिळते. चेंबरचे सर्टिफिकेट घेऊन माल रवाना केला, तर तिथला कस्टम्स अधिकारी ते नाकारत नाही, पण त्यावर एका पैशाची सवलतही देत नाही. पोर्टल एकच असल्याने आणि दोन्ही अर्ज दिसायला सारखे असल्याने ही गफलत अजून होते. अर्ज भरताना पोहोचीचा देश निवडताच ‘या देशाशी करार आहे, तुम्ही बिनसवलतीचे सर्टिफिकेट मागत आहात’ अशी ठळक सूचना पडद्यावर यावी. ही आमची सर्वात सोपी मागणी आहे.

आता मुख्य दुखणे. अडकणाऱ्या मालापैकी बहुतेक माल उगमाच्या नियमात बसतच असतो. अडतो तो कागदांच्या न जुळण्यावर. हे आकड्यांत दाखवतो. समजा, एका कारखान्याने सेंट्रिफ्युगल पंप थायलंडला पाठवले. एचएस कोड ८४१३.७०. मालाची एफओबी किंमत २०,००,००० रुपये. पंपाची बॉडी, इम्पेलर, शाफ्ट सगळे इथलेच. मेकॅनिकल सील आणि बेअरिंग बाहेरून आणलेली, त्यांची किंमत ५,६०,००० रुपये. करारात दोन अटी आहेत आणि दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. एफओबी किमतीत करारातल्या देशांचा वाटा किमान ३५ टक्के हवा, आणि बाहेरून आणलेल्या सामानाचा सहा आकडी कोड तयार मालाच्या कोडहून वेगळा हवा. इथे २०,००,००० मधून ५,६०,००० वजा केले की १४,४०,००० उरतात, म्हणजे ७२ टक्के. सील ८४८४ मध्ये आणि बेअरिंग ८४८२ मध्ये मोडते, पंप ८४१३ मध्ये. दोन्ही अटी दणदणीत पुऱ्या होतात.

आता सौदा सीआयएफ होता असे धरू. भाडे आणि विमा मिळून १,१०,००० रुपये, म्हणून इनव्हॉइसवर २१,१०,००० आले. क्लार्कने सर्टिफिकेटच्या किमतीच्या रकान्यात इनव्हॉइसचा आकडा उतरवला. फॉर्म एआयला तिथे एफओबी हवी असते आणि शिपिंग बिलावर एफओबी २०,००,००० आहे. दोन कागदांत १,१०,००० चा फरक पडला आणि तिकडे चौकशी सुरू झाली. मालाच्या भारतीयपणावर याचा काही परिणाम होतो का? चुकीचा आकडा घेऊन वाटा काढला तरी तो ७३ टक्क्यांच्या वर निघतो. तरीही पंप बंदरात पडून राहतात.

अशा चुकांचे मूळ आम्हाला एकाच गोष्टीत दिसते. जी माहिती कस्टम्सच्या संगणकात शिपिंग बिलाच्या रूपाने आधीच नोंदलेली असते, तीच आम्ही सर्टिफिकेटच्या अर्जात पुन्हा हाताने भरतो. एचएस कोडचेही तेच. पंप सुटे करून पाठवले तर एका कागदावर सुट्या भागांचा ८४१३.९१ लिहिला जातो, दुसऱ्यावर अख्ख्या पंपाचा ८४१३.७०. ढोबळ वजन आणि निव्वळ वजन यांची अदलाबदल होते. शेवटच्या क्षणी इनव्हॉइस बदलले की सर्टिफिकेटवर जुना क्रमांक राहून जातो. म्हणून आमची मागणी अशी की शिपिंग बिलाचा क्रमांक टाकताच एफओबी किंमत, एचएस कोड, वजन, नगांची संख्या आणि इनव्हॉइसचा क्रमांक-तारीख पोर्टलवर आपोआप यावेत आणि निर्यातदाराने त्यात फेरफार केल्यास त्याचे कारण विचारले जावे. निर्यातदाराचे काम मग फक्त उगमाचा हिशोब मांडण्याचे उरेल, आणि तपासायची खरी गोष्टही तीच आहे.

याहून जास्त ताप जहाजाच्या नावाचा आहे. एजन्सीकडे अर्ज करताना आम्ही शिपिंग लाइनने सांगितलेल्या जहाजाचे नाव आणि निघण्याची तारीख लिहितो. बंदरात गर्दी असली की लाइन कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलते. बिल ऑफ लेडिंग हातात येते तेव्हा त्यावर दुसरे जहाज आणि दुसरी तारीख असते. आमचे बरेच कंटेनर कोलंबोला उतरून दुसऱ्या जहाजावर चढतात. तिथेही हाच प्रकार होतो. श्रीलंका आशियानमध्ये नाही. त्यामुळे माल तिथे फक्त उतरवून पुन्हा चढवला, त्यावर काही प्रक्रिया झाली नाही किंवा तो तिथल्या बाजारात गेला नाही, हे खरेदीदाराला सिद्ध करावे लागते. त्यासाठी भारतातून पोहोचीच्या बंदरापर्यंतचे एकसंध थ्रू बिल ऑफ लेडिंग लागते. लाइनने दोन टप्प्यांची दोन बिले दिली, तर सर्टिफिकेट निर्दोष असूनही सवलत जाऊ शकते. एकच थ्रू बिल मिळेल, हे आमच्या सदस्यांनी बुकिंगच्या वेळीच लाइनकडून लेखी घ्यावे, असे आम्ही ठरवले आहे. ती जबाबदारी सरकारवर टाकत नाही.

जहाजाच्या नावाबद्दल मात्र शासनाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे. फॉर्म एआयमध्ये वाहतुकीच्या रकान्याच्या मथळ्यातच ‘जितके माहीत असेल तितके’ अशी सवलत आहे. म्हणजे अर्जाच्या वेळी जहाज नक्की नसू शकते, हे करार करणाऱ्यांनी गृहीतच धरले होते. शिवाय सर्टिफिकेट आणि इतर कागदांतील किरकोळ तफावतीमुळे सर्टिफिकेट आपोआप रद्द ठरत नाही, असे कराराच्या कार्यपद्धतीत स्पष्ट म्हटले आहे. तरीही तिकडचा अधिकारी नाव जुळत नाही म्हणून कागद परत करतो. मग खरेदीदार आमच्याकडे दुरुस्ती मागतो आणि आम्ही अख्खी फाइल पुन्हा सादर करतो. भारत-आशियान कराराच्या संयुक्त समितीत भारताने हा मुद्दा मांडावा आणि जहाजाचे नाव व निघण्याची तारीख यांतील फरक, बिल ऑफ लेडिंग जोडलेले असल्यास, किरकोळ तफावत मानली जाईल असे लेखी ठरवून घ्यावे, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

हे होईपर्यंत घरात करता येण्यासारखे एक काम आहे. पोर्टलवर जुन्याच्या बदली नवे सर्टिफिकेट मागण्याची सोय आहे आणि तिचा आम्हाला उपयोगही झाला आहे. पण फक्त जहाज किंवा तारीख बदलायची असेल तर किमतीचा तक्ता, कच्च्या मालाची बिले, उत्पादनाची माहिती पुन्हा तपासण्याचे कारण नाही. अशा अर्जाला वेगळी रांग असावी, बिल ऑफ लेडिंग पाहून त्याच कामकाजाच्या दिवशी निकाल लागावा आणि बदली सर्टिफिकेटवर मूळचा क्रमांक व तारीख छापली जावी. मूळचा संदर्भ नसला की तिकडे एकाच मालाची दोन सर्टिफिकेटे दिसतात आणि संशय वाढतो.

तारखेचा आणखी एक सापळा आहे. फॉर्म एआय माल चढण्याच्या वेळी किंवा चढल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. त्यानंतर दिला तर त्यावर ‘इश्यूड रेट्रोॲक्टिव्हली’ असा शेरा लागतो आणि तसा तो माल चढल्यापासून बारा महिन्यांपर्यंतच देता येतो. शुक्रवारी रात्री जहाजावर चढलेल्या मालाची तारीख आम्हाला सोमवारी कळते, मंगळवारी अर्ज जातो, बुधवारी एखादी शंका निघते आणि मुदत संपते. सर्टिफिकेट मिळते, पण शेरा राहून गेला की खरेदीदाराच्या बंदरात ते अवैध ठरू शकते. बिल ऑफ लेडिंगवरची तारीख भरली की हा शेरा लागतो की नाही, हे पोर्टलनेच ठरवावे. अधिकाऱ्याच्या लक्षात राहण्यावर ते सोडू नये. तसेच अर्जावरच्या सगळ्या शंका एकाच वेळी काढाव्यात. आज एक, उद्या दुसरी, असे झाले की तीन दिवस केव्हाच निघून जातात.

सहीबद्दल थोडक्यात. सर्टिफिकेट देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सह्या आणि शिक्क्यांचे नमुने आपण आशियान देशांना पाठवतो. अधिकारी बदलला आणि नवा नमुना तिकडे पोहोचला नसेल, तर आयात करणारा देश पडताळणीसाठी पत्र पाठवतो आणि माल थांबतो. नव्या अधिकाऱ्याचा नमुना पोहोचल्याची पोच येईपर्यंत त्याच्या सहीने सर्टिफिकेट देऊ नये आणि त्या काळात सही करणारा दुसरा अधिकारी आधीच नेमलेला असावा. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड तिकडच्या कस्टम्सने थेट तपासावा, यासाठी प्रत्येक आशियान देशाशी स्वतंत्र पत्रव्यवहार सुरू करावा.

शेवटची मागणी छोट्या कारखान्यांसाठी. आमच्यापैकी अनेकजण तोच पंप, त्याच कच्च्या मालातून, त्याच खरेदीदाराला वर्षभर पाठवतात. तरीही दर खेपेला किमतीचा तक्ता नव्याने द्यावा लागतो. एकदा तपासलेला तक्ता एक वर्ष ग्राह्य धरावा, आणि बाहेरून आणलेल्या सामानाची किंमत एफओबीच्या पाच टक्क्यांहून जास्त बदलली तरच नवा मागावा. नोंदी पाच वर्षे जपून ठेवण्याची आणि मागाल तेव्हा कारखाना दाखवण्याची हमी आम्ही लिहून देतो. खोटा तक्ता देणाऱ्या सदस्याची संघटना पाठराखण करणार नाही.

या मागण्यांवर निर्यात निरीक्षण परिषद, विदेश व्यापार महासंचालनालय आणि कस्टम्सचे प्रतिनिधी यांच्यासोबत कोल्हापुरात एक बैठक बोलावावी. अडकलेल्या खेपांची शिपिंग बिले, सर्टिफिकेटे आणि परदेशी कस्टम्सची पत्रे आमच्या सदस्यांकडे आहेत. ती आम्ही बैठकीत मांडू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व सर्व सदस्य