घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

घोरणे ही गाढ झोपेची खूण आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वास्तविक घोरण्याच्या आवाजापेक्षा त्यामध्ये अचानक पडणारी शांतता अधिक चिंतेची असते.

एक सहासष्ट वर्षांचे निवृत्त गृहस्थ रक्तदाबाच्या तीन गोळ्या नियमाने घेत होते, मीठही बेताचेच खात होते. तरीही सकाळचा रक्तदाब 160/96 च्या खाली उतरत नव्हता. वर्तमानपत्र वाचतानाच त्यांना डुलकी लागे. रात्री तीनदा लघवीला उठावे लागे. त्याचा दोष ते प्रोस्टेटला देत. खरा उलगडा त्यांच्या पत्नीने केला. "घोरता घोरता हे एकदम गप्प होतात. छाती हलते, पण श्वास येत नाही. मग दचकून मोठ्याने श्वास घेतात," त्या म्हणाल्या.

या विकारास स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैलावून श्वासमार्ग मिटतो. निदान दहा सेकंद श्वास बंद राहतो आणि रक्तातील प्राणवायू घटतो. मेंदू धोका ओळखून क्षणभर जाग आणतो. त्या वेळी अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये उसळतात, नाडी व रक्तदाब चढतो. एरवी रात्री रक्तदाब उतरून हृदयाला विसावा मिळतो; येथे तो मिळत नाही. बंद श्वासमार्गाविरुद्ध छाती जोर लावते, त्यामुळे हृदयाच्या भिंती ताणल्या जातात. हा ताण म्हणजे शरीरात पाणी जास्त झाल्याची खूण समजून लघवी वाढते. वर्षानुवर्षे असे घडल्यास हृदयाची लय बिघडण्याचा व पक्षाघाताचा धोका वाढतो.

झोपेच्या तपासणीत या गृहस्थांचा श्वास तासाला सरासरी 42 वेळा अडत असल्याचे दिसले. पाचपेक्षा कमी हे सामान्य, तर तीसपेक्षा अधिक हे तीव्र समजतात. त्यांना सीपॅप यंत्र दिले. मुखवट्यातून येणारा हवेचा दाब घसा उघडा ठेवतो. पहिल्या आठवड्यात मुखवटा नकोसा वाटला. माप बदलल्यावर सवय झाली. तीन महिन्यांनी दिवसाची झोप गेली, रात्रीचे उठणे एकदाच राहिले आणि रक्तदाब 144/86 वर आला. गोळ्या मात्र चालूच आहेत, कारण यंत्राने रक्तदाब बहुधा थोडाच उतरतो.

प्रत्येक घोरणारा या विकाराचा रुग्ण नसतो, आणि सडपातळ व्यक्तीलाही हा विकार होऊ शकतो. शंका आल्यास घरच्यांनी झोपेतील श्वासाचे दोन-तीन मिनिटांचे चित्रण मोबाइलवर करून डॉक्टरांना दाखवावे. तोपर्यंत कुशीवर झोपावे व मद्य टाळावे. झोपेच्या गोळ्या घेत असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांतील काहींमुळे घसा अधिक सैलावतो. दिवसा पेंग येत असेल तर वाहन चालवू नये.