नोकरी गेल्यावर घरात बोलायचे कसे?

भोंगवलीतील एक गृहिणी डोकेदुखीसाठी माझ्याकडे आल्या. रक्तदाब ठीक होता, झोप मात्र तीन-चार तासांवर आलेली. यजमानांची शिरवळकडच्या कारखान्यातील नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली होती. बाईंच्या शिवणकामावर घर चालत होते. "मी मशीनवरून उठून स्वयंपाकाला लागते आणि हे टीव्हीसमोर. काही म्हटले की ताट सारून उठतात."

पुढच्या खेपेला मी दोघांनाही बोलावले. यजमान म्हणाले, "हिच्याकडे वीस रुपये मागताना जीभ अडखळते." एकीचे काम उरकत नव्हते, दुसऱ्याचा दिवस सरत नव्हता, आणि हे दोघे एकमेकांना सांगत नव्हते.

हे दुखणे नवे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी संप सुरू झाला आणि हजारो कामगारांना पुन्हा गिरणीत जाता आले नाही. कित्येक घरांत बायकांनी खानावळी चालवून, शिवणकाम करून चूल पेटती ठेवली. कमावणारे हात बदलतात, पण घरकामाची वाटणी जुनीच राहते. माझ्या मते भांडणाचे मूळ इथे आहे, नवऱ्याच्या आळसात नव्हे.

"तुम्ही दिवसभर बसून असता" असे म्हटले की ऐकणारा फक्त स्वतःचा बचाव करतो. त्याऐवजी घडलेली गोष्ट, आपल्याला झालेला त्रास आणि एकच मागणी, एवढेच सांगावे. "अहो, काल अकरापर्यंत शिवत होते, पाठ भरून आली. उद्यापासून मुलांचा डबा तुम्ही कराल का?" नवऱ्यानेही तसेच बोलावे. "रोज नोकरीचे विचारलेस की मला हरल्यासारखे वाटते. रविवारी मी आपणहून सांगत जाईन."

या दोघांनी रविवारी जेवणानंतरची वीस मिनिटे ठरवली. मुले व सासूबाई समोर नकोत. आठवड्याचे खर्चाचे पैसे एका डब्यात ठेवले. ज्याला लागतील त्याने न विचारता घ्यायचे आणि वहीत लिहायचे. मागण्याची लाज तिथेच संपली.

पहिल्या आठवड्यात गाडी अडलीच. भाजी खारट झाली, बाई हसल्या आणि डबा पुन्हा स्वतः करू लागल्या. मी त्यांना म्हटले, सोपवलेल्या कामात हात घालू नका; खारट भाजी एक दिवसाची असते. महिन्याभराने डबा यजमानांकडेच होता आणि बाईंची झोप सहा तासांवर आली होती.

मात्र घरात मारहाण होत असेल तर हा उपाय नव्हे. तिथे १८१ या महिला हेल्पलाइनची मदत घ्यावी. दोन आठवडे झोप, भूक उडाली असेल किंवा दारू वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाली, तर त्या माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच दवाखाना गाठावा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, तेही मराठीतून.