पीए मॅडमना चकवू नका

भोसरी, चाकण, रांजणगावच्या लहान वर्कशॉपवाल्यांना एक विनंती. मोठ्या कंपनीच्या परचेस हेडना गाठायचं असेल, तर त्यांच्या पीए मॅडमना चकवायच्या भानगडीत पडू नका. ‘पर्सनल काम आहे’ असं ठोकून दिलं की फोन जोडला जातोही, पण एकदाच. साहेबांची बोलणी मॅडमना खावी लागतात, आणि मग तुमचा नंबर दिसला की साहेब कायमचे मीटिंगमध्ये!

मॅडमची अडचण साधी असते. ‘आम्ही सगळी सीएनसीची कामं करतो, पाच मिनिटं भेटू द्या’ हा निरोप आत जाऊन सांगायचा कसा? साहेबांनी ‘कशासाठी?’ विचारलं, तर त्यांच्याकडे उत्तर नसतं. ते तुम्ही पुरवा.

समजा, तुम्ही पंपाचे शाफ्ट बनवता आणि तुमची एक शिफ्ट रिकामी आहे. फोनवर नाव-गाव सांगून एवढंच बोला: ‘मॅडम, आम्ही पंपाच्या शाफ्टचं टर्निंग करतो. महिन्याला दोन हजार नग देऊ शकतो. ड्रॉइंग मिळालं तर आठवड्यात पाच सॅम्पल, इन्स्पेक्शन रिपोर्टसकट, पाठवतो. नवीन सप्लायरचं साहेब स्वतः बघतात, की व्हेंडर डेव्हलपमेंटमध्ये कुणाशी बोलू?’ आकडे अर्थात तुमच्या मशीनला झेपतील तेच सांगा.

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. बऱ्याच कंपन्यांत नवा सप्लायर आधी व्हेंडर डेव्हलपमेंटवाले पारखतात. साहेबांकडे फाइल नंतर जाते. मॅडमनी तिथलं नाव दिलं, तर त्या माणसाला ‘परचेस हेडच्या ऑफिसातून तुमचं नाव मिळालं’ असं सांगता येतं, आणि ते खरंही असतं. माझ्या मते त्या माणसाची भेट साहेबांच्या पाच मिनिटांपेक्षा मोलाची.

‘मेल टाका’ म्हणाल्या तर आयडी कुठला देतात ते बघा. स्वतःचा दिला तर वाट उघडी आहे. कंपनीचा सर्वसाधारण आयडी दिला तर बहुधा तो सभ्य नकार; तरी ‘विषयात काय लिहू म्हणजे तुम्हाला सापडेल?’ एवढं विचारून घ्या. मेल असा लिहा की मॅडमना एक शब्दही न बदलता पुढे पाठवता येईल: वर फोनवरच्याच चार ओळी, खाली मशीनची यादी आणि आयएसओ सर्टिफिकेट असेल तर ते. वीस पानांचं कंपनी प्रोफाइल नको.

महिनाअखेरीला फोन करू नका, तेव्हा सगळे डिस्पॅचच्या मागे असतात. मेलनंतर आठवड्याने आठवण करून द्या, आणि मॅडमनाच विचारा, ‘पुन्हा कधी फोन करू?’ त्यांनी दिवस सांगितला तर त्याच दिवशी करा. दोनदा विचारूनही दिवस मिळाला नाही, तर त्या ऑफिसचा नाद सोडून प्लांटच्या क्वालिटी किंवा मेंटेनन्सवाल्यांकडे वळा. पार्ट अडला की परचेसकडे पहिली ओरड त्यांचीच जाते.