करडी ओळ दिसली की लगेच ‘आवाज दाबला’ म्हणू नका

जयंती जवळ आली की ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. यूट्यूबवरच्या आपल्या प्लेलिस्टमधली गाणी, भाषणं गायब झाली, म्हणजे सरकारने आवाज दाबला! कधी ते खरं असतं, पण पुराव्याशिवाय बोललो तर खऱ्या बंदीच्या वेळीही आपलं कोणी ऐकणार नाही.

कोल्हापुरात अभ्यासवर्गासाठी आम्ही माणगाव परिषदेवरच्या व्हिडिओंची यादी केली होती. तिच्यातल्या काही नोंदी दिसेनात. यूट्यूब अशा नोंदी लपवतं. संगणकावर यादी उघडून तीन टिंबांच्या मेनूत `Show unavailable videos` निवडलं की त्या करड्या रंगात दिसतात.

`[Deleted video]` म्हणजे व्हिडिओ काढला गेला. तो कोणी काढला, हे या ओळीवरून कळत नाही. `[Private video]` म्हणजे व्हिडिओ आहे, पण टाकणाऱ्याने तो खाजगी केलाय. दोन्हींत शीर्षक पुसलेलं असतं, पण लिंकमध्ये `v=` नंतरची ११ अक्षरं कायम राहतात. ती ग्रुपच्या जुन्या मेसेजमध्ये शोधली की व्हिडिओ कुणाचा होता ते बऱ्याचदा सापडतं. आमच्या यादीतली एक खाजगी नोंद आपल्याच कार्यकर्त्याची निघाली. एका फोनवर काम झालं.

तिसरा प्रकार देशापुरत्या बंदीचा. तीच लिंक दुबईतल्या नातेवाइकाकडे चालते, इथे चालत नाही. तरीही लिंक उघडून संदेश वाचायलाच हवा. `copyright grounds` लिहिलं असेल तर हक्क सांगणारी कंपनी आडवी आली आहे, मंत्रालय नव्हे. `order from the government` असेल तरच तो सरकारी आदेश.

एप्रिल २०२५ मध्ये लखनौच्या ‘4PM’ या वृत्तवाहिनीच्या यूट्यूब चॅनेलवर राष्ट्रीय सुरक्षा व सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण देणारा असाच संदेश आला. संपादक संजय शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मे महिन्यात केंद्राने आदेश मागे घेतला. अशा बंदीचा आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आहे. श्रेया सिंघल खटल्यात २०१५ साली न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं, पण त्याचं एक कारण असं की आदेशाची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्यांना कलम २२६ खाली आव्हान देता येतं. प्रत्यक्षात २००९ च्या नियमांतला १६ वा नियम ही प्रक्रिया गोपनीय ठेवतो. ज्याचं तोंड बंद केलं, त्यालाच कारण कळत नाही. आपला निषेध इथे हवा.

म्हणून आजच आपल्या यादीतली शीर्षकं, चॅनेलची नावं आणि लिंका वहीत उतरवा. बंदीचा संदेश आला तर तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. शाहिरांची गाणी त्यांच्या किंवा वारसांच्या संमतीने हार्डडिस्कवर ठेवा. बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटलं, पण न्यायालयाच्या दारात जाताना हातात कागद लागतो.

जय भीम!