उत्तरसूचीशी जुळलं नाही, म्हणून फुली?

गोष्ट माझ्याच चौथीच्या वर्गातली. एका मोफत प्रोग्राममधून मी ४×४ सुडोकूची वर्कशीट काढली. एका मुलीचं उत्तर उत्तरसूचीशी जुळेना, मी लाल फुली मारली. ती वही घेऊन परत आली, "सर, नियम कुठे मोडला ते दाखवा ना." मला दाखवता येईना. तुम्हीच बघा; टिंब म्हणजे रिकामं घर.

```
. २ . ४
. ४ . २
२ १ ४ ३
४ ३ २ १
```

पहिल्या ओळीत १ आणि ३ हवेत, दुसरीतही तेच. वर १, ३ आणि खाली ३, १ भरा, किंवा वर ३, १ आणि खाली १, ३. उभ्या ओळी तपासा, २×२ चे चौकोन तपासा, दोन्ही वेळा सगळं बरोबर. १६ पैकी १२ आकडे छापलेले, तरी उत्तरं दोन! आपल्याला वाटतं, भरपूर आकडे दिले की कोडं पक्कं. तसं नसतं. ९×९ मध्ये ८१ पैकी ७७ घरं भरलेली असूनही हे होऊ शकतं.

होतं कसं? प्रोग्राम आधी पूर्ण भरलेली चौकट बनवतो, मग कुठलेही आकडे पुसतो. इथे नेमके एकमेकांशी अदलाबदल होणारे चारही आकडे पुसले गेले. त्यातला एक जरी ठेवला असता तरी उत्तर एकच राहिलं असतं.

"पण प्रोग्राम कोडं सोडवून बघतो की!" असं कुणी म्हणेल. बघतो, पण पहिलं उत्तर मिळालं की थांबतो. वरच्या कोड्यात तो पहिल्या घरात आधी १ घालून बघणार, उत्तर निघणार, ते सूचीशी जुळणार, आणि कोडं पास! म्हणून तपासणीत उत्तरं मोजायला हवीत. पहिलं उत्तर सापडल्यावर मागे जायचं, त्याच घरात ३ घालून पुन्हा शोधायचं. दुसरं उत्तर मिळालं की मोजणी बंद, कारण कोडं बाद ठरवायला दोन पुरे. प्रत्येक आकडा पुसल्यावर ही मोजणी करायची, आणि दोन आली तर तो आकडा परत ठेवायचा. हे न करणाऱ्या प्रोग्रामची वर्कशीट वर्गात नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताशी मोजणारा प्रोग्राम नसेल तर छापण्याआधी सूचीत असा आयत शोधा: दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, दोनच चौकोन, आणि कोपऱ्यांत तेच दोन आकडे तिरपे. चारही कोपरे रिकामे दिसले तर एक आकडा पेनाने भरून द्या. याने सगळ्यात साधी चूक सापडते. लांबलचक अदलाबदली डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे वही तपासताना मी आता सूची बाजूला ठेवतो आणि ओळी, स्तंभ, चौकोनच बघतो.

त्या मुलीची फुली खोडली. मग जुन्या वह्या काढल्या, तर आणखी दोघांची खोडावी लागली.