सहलीच्या गाण्यांनाही क्रम हवा

सहल ठरली की डबा, पाणी, औषधांची पेटी यांची यादी होते. गाण्यांची मात्र होत नाही. कुणीतरी पेनड्राइव्ह आणतो आणि त्यातली गाणी वाटेल त्या क्रमाने वाजत राहतात. मागच्या सहलीत आम्हीही तेच केले. बेळगाव सोडल्यावर अर्ध्या तासातच नाचाची बहुतेक गाणी संपली आणि जांबोटीपर्यंत मुले दमून गेली. पुढे चोर्ला घाटात अचानक ढोलाचे गाणे लागले. मुले वळणावरच उठून नाचू लागली आणि चौघांना उलट्या झाल्या. दोष मुलांचा नव्हता, आमचा होता.

आमचे मत असे की गाणी रस्ता पाहून लावावीत. पणजीपर्यंतच्या तीन तासांना साधारण चाळीस गाणी पुरतात. प्रत्येकाचा वेग आधी मोजावा. पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजून चारने गुणले की मिनिटाचे ठोके मिळतात. एकाच गाण्याला दोघांचे आकडे 70 आणि 140 आले तर वाद नको. एकाने दुप्पट टाळ्या धरल्या एवढेच. ऐकताना पाय ज्या ठेक्यावर आपोआप हलतो, तो आकडा धरावा. लागोपाठच्या गाण्यांत आठ-दहा ठोक्यांहून जास्त अंतर नसावे, नाहीतर गाणे बदलताना हिसका बसतो.

यंदा आम्ही सुरुवात 90 च्या आसपासच्या भावगीतांनी केली, कारण तेव्हा मुलांना गप्पाच मारायच्या असतात. चार-चार ठोके वाढवत जांबोटीच्या पुढे 120 ची कोळीगीते आली आणि सगळी बस गाऊ लागली. घाट कणकुंबीनंतर लागतो, पण उतार आम्ही वीस मिनिटे आधीच धरला: 110, 102, 94, 86 आणि मग 78. वळणे सुरू झाली तेव्हा मुले आपापल्या जागी बसून होती. आवाजही कमी ठेवला, कारण चालकाला समोरच्या गाडीचा हॉर्न ऐकू यायला हवा. साखळी आल्यावर वेग पुन्हा चढवला.

एक चूक यंदाही झालीच. जुन्या ध्वनिमुद्रणांचा आवाज बारीक असतो. त्यासाठी वाढवलेला आवाज पुढच्या नव्या गाण्याला तसाच राहिला आणि पेंगणारी मुले दचकून उठली. आता जुनी गाणी सलग ठेवायची, असे ठरवले आहे.

परतीच्या वाटेवर मुलांना झोप हवी असते, म्हणून 70-80 ची शांत गाणी लावावीत. पण चालकाला जागे ठेवायला जलद गाणी लावावीत, हा सल्ला आम्हाला मान्य नाही. गाण्याने झोप टळत नाही. चालकाने दोनदा जांभई दिली तर गाणे बदलू नये, बस थांबवावी.

पुढच्या सहलीची यादी नववीच्या मुलांनी करावी. घड्याळ आम्ही देऊ.